जागल्याच्या तोंडचे बाबा

भावानं बाबांवर कादंबरी लिहायला घेतल्याचं पत्र पुण्याहून आलं, ते मी आईला वाचून दाखवलं. त्यात कादंबरी किती पानांची होईल, कोण छापणार, पुण्यातली मोठमोठी माणसं काय म्हणाली, असं बरंच काही होतं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"त्यात ते बोलतेत का?"

बाबांना जाऊन तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. फोटो त्यांनी कधी काढू दिला नव्हता. त्याचं आईला फारसं दुःख नव्हतं, चेहरा डोळ्यांपुढं आहे म्हणायची. तिला खात होतं ते वेगळंच. "ते कसं बोलायचे ते निसटायलंय मला," ती म्हणायची. चुलीपाशी बसल्याबसल्या बाबांचं एखादं वाक्य जुळवायला जायची, मध्येच अडायची आणि स्वतःवरच चिडायची. तिला लिहावाचायला येत नव्हतं. पण पुस्तकात लिहिलेलं जात नाही, एवढं तिला ठाऊक होतं, आणि त्या एका गोष्टीसाठी ती कादंबरीची वाट पाहत राहिली. गावातला पोरगा पुस्तक लिहितो याचं लोकांना कौतुक होतं. आईला कौतुक वगैरे काही नव्हतं. तिला नवऱ्याचं बोलणं परत हवं होतं.

बाबा आमच्या डोणगावचे नव्हते. ते घाटाखालचे, संग्रामपूरकडचे, सातपुड्याच्या पायथ्याचे. आईला भाऊ नव्हता, म्हणून आजोबांनी जावई घरी आणला. आमचं डोणगाव घाटावर, मेहकर तालुक्यात. इथून मोगलाईची, म्हणजे निजामाच्या राज्याची हद्द जवळ, त्यामुळे इथलं बोलणं जालन्याकडं झुकलेलं. आई "कामून" म्हणायची, बाबा "काऊन" म्हणायचे. ती "मला" म्हणायची, ते "मले". एवढ्याशा फरकावर गावानं त्यांना जन्मभर पाहुणा ठरवलं. शेत यांनी पिकवायचं, विहीर यांनी बांधायची, आणि पारावर बसले की कोणीतरी नक्कल करणार, "काऊन पाव्हणे, कुठी जाऊन राह्यले?" बाबा हसून पुढं जायचे. त्यांनी बोलणं मात्र बदललं नाही. मला वाटतं त्यांनी माहेरचं आणलेलं तेवढंच होतं. पुरुषाला माहेर असतं का म्हणून कोणी विचारेल. घरजावयाला असतं.

त्यांच्या बोलण्यात तऱ्हा होत्या, आणि त्या ओळखल्याशिवाय माणूस ओळखता येत नसे. प्रेमातल्या माणसाला ते "बे" म्हणायचे. गड्याला बे, दोस्ताला बे, बैलाला बे. रागावले की बे गळून पडायचं आणि अहोजाहो सुरू व्हायचं. "बसा तुम्ही. तुमचं बराबर हाये," असं ते थंडपणे म्हणाले की घरातली मांजरंसुद्धा बाहेर जायची. व्यापाऱ्याशी सौदा हिंदीत. स्वतःबद्दल काही मागायचं असलं की ते 'मी' म्हणत नसत, 'माणूस' म्हणत. "माणसाले भूक लागून राह्यली," असं दारातून म्हणायचे, जणू भूक दुसऱ्याच कोणाला लागली आहे आणि हे नुसता निरोप आणताहेत. आई ताट वाढायची. उभ्या संसारात त्यांनी तिला "मला वाढ" म्हटलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत भाऊ लिहिलेले कागद घेऊन आला. मी त्याच्याहून धाकटी. लग्नानंतर थोड्याच काळात विधवा होऊन माहेरी परतलेली, आणि बाबांनी हट्टानं व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत शिकवल्यामुळं गावातल्या मुलींच्या शाळेत मास्तरीण झालेली. भाऊ अमरावतीला शिकला, मग पुण्याला गेला. तिकडं वसतिगृहातल्या पोरांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव 'मले-तुले' ठेवलं होतं, हे त्यानं मला एकदाच सांगितलं आणि पुन्हा तो विषय काढू दिला नाही. आता तो आईला 'माय' न म्हणता 'आई' म्हणत होता. आईनं ते ऐकलं आणि मान वळवली.

ओसरीवर बसून त्यानं मला बैलाचं प्रकरण वाचून दाखवलं. नायक म्हणजे बाबा. बऱ्हाणपूरकडचा व्यापारी चांगला पैसा घेऊन दारात आलेला, आणि नायक म्हणतो, "हा बैल मी आपणांस विकू शकत नाही. तो आमच्या कुटुंबातलाच एक घटक आहे."

मला हसू फुटलं. भाऊ म्हणाला, "काय झालं?"

"घटक? बाबांनी हा शब्द ऐकला असता तर खत समजून शेतात टाकला असता."

तो चिडला, पण मी सोडलं नाही. म्हटलं, "दादा, तू तिथं होतास ना? मग खरं काय झालं ते सांग." तो होता. आम्ही दोघंही गोठ्याच्या दाराशी उभे होतो. बाबा व्यापाऱ्याला म्हणाले, "नहीं सेठ. बैल नहीं जाएगा." कारण दिलं नाही, हातही जोडले नाहीत. व्यापारी वळला. मग बाबांनी आमच्याकडं पाहिलं नि खेकसले, "काऊन पाहून राह्यले बे? टाका चारा." आणि पाठ फिरवून बैलाच्या गळ्याखाली बराच वेळ हात घालून उभे राहिले.

मी त्याला म्हटलं, "यात बैलावर प्रेम आहे असं बाबा कुठं म्हणाले? कुठंच नाही. पण बोलणं तीनदा वळलं. परक्याशी हिंदी, म्हणजे दार लावून घेतलं. आपल्याशी खेकसणं, पण त्यात बे आहे, म्हणजे राग नाही, डोळे लपवणं आहे. आणि बैलाशी काहीच नाही. वाचणाऱ्याला माणूस दिसतो तो या वळणात. तू त्यांना सगळ्यांशी एकाच इस्त्रीच्या भाषेत बोलायला लावलंस. व्यापारी, पोरं, पटवारी, बायको, सगळे सारखेच. मग त्यांच्या लेखी कोण जवळचं आणि कोण लांबचं, हे कळायचं कशावरून? तू पानभर वर्णन लिहून सांगणार. बाबा एका 'बे'त सांगायचे."

तो म्हणाला, "पुण्याच्या वाचकाला हे समजणार नाही. तो अडखळेल."

"अडखळू दे की. घाटाखालून इथं आलेला माणूस जन्मभर अडखळलाच ना?"

"तो हसेल, बाई. तुला माहीत नाही. तिकडं नुसतं 'मले' म्हटलं की हसतात. पुढं काय दुःख आहे ते बघत नाहीत. आधी हसून घेतात."

हे खरं असणार, त्याच्या तोंडावरूनच कळत होतं. मला त्याची कीव आली. पण कीव आली म्हणून घटक हा शब्द मी बाबांच्या तोंडात राहू देणार नव्हते.

मग मजुरांची पानं. ते सगळे "म्या न्हाई, आवं, हाय की" असं बोलत होते. मी विचारलं, "हे कुठले रे?" तो म्हणाला, खेडूत म्हटलं की असंच लिहितात, वाचकांना तीच खेड्याची भाषा म्हणून सवय झाली आहे. म्हणजे सातारा-कोल्हापूरकडच्या लोकांचं बोलणं उचलून आमच्या शेतात तण निंदणाऱ्या बायांच्या तोंडात कोंबलं होतं. त्यातल्या एकीलाही स्वतःचं असं बोलणं नव्हतं. हसायच्या तर सगळ्या सारख्या हसायच्या, रडायच्या तर सारख्या रडायच्या. बोलीच्या नावाखाली त्यांना गणवेश घातला होता. आमच्याकडं एका बांधावर निंदायला बसलेल्या बायांत एक लोणारकडची, एक घाटाखालची, एक मोगलाईतून आलेली असते, आणि डोळे मिटून ऐकलं तरी कोण बोललं ते कळतं. हेही मी त्याला सांगितलं.

बरंच भांडलो. शेवटी तो दमला आणि म्हणाला, "ठीक आहे. बाबांचं जसं होतं तसंच ठेवतो." मला त्यानं शब्द दिला. जाताना आईनं दारात त्याला तोच प्रश्न विचारला. "बोलतेत ना रे ते?" तो वाकून पाया पडला. "भरपूर बोलतात, आई." आई त्या दिवशी दुपारपर्यंत गुणगुणत होती.

पुस्तक निघालं ते पुढच्या श्रावणात, आणि भाऊ ते स्वतःच घेऊन आला, अवचित, भर दुपारी. मला चाळायलासुद्धा मिळालं नाही. बातमी गावात पसरली आणि चार जण येऊन त्याला मारुतीच्या देवळात घेऊन गेले. श्रावणात तिथं रोज दुपारी पोथी लागायची. त्या दिवशी पोथी बाजूला ठेवून गावच्या पोराचं पुस्तक वाचायचं ठरलं. चौरंगावर पुस्तक ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. छापलेलं आणि सभामंडपात वाचायचं, म्हणजे ती पोथीच. भावाला हसू येत होतं, पण छातीही फुगली होती. बायांच्या बाजूला आई सगळ्यांत पुढं बसली, पदर नीट घेऊन.

आता आमच्याकडं पोथी एकट्यानं वाचत नाहीत. एक वाचणारा असतो आणि एक अर्थ सांगणारा. वाचणारा ओवी म्हणून थांबतो, अर्थ सांगणारा ती गावाच्या बोलीत फोडून सांगतो, लोक "हो, हो" म्हणतात, मग पुढची ओवी. आमचा अर्थ सांगणारा गावातला मोठा बागायतदार होता. आवाज खणखणीत, स्वतःवर खूश, आणि पारावर बाबांची नक्कल करण्यात सगळ्यांत पुढं असायचा तोच. त्या दिवशी तो सवयीनं भावाशेजारी येऊन बसला. भावाला वाटलं मानानं बसलाय. त्यानं पहिला परिच्छेद वाचला, दम घ्यायला थांबला, आणि बागायतदारानं घसा खाकरून अर्थ सांगायला सुरुवात केली. "म्हंजे असं हाय, की एक गाव होतं..."

भाऊ गोंधळला. "अहो, ही कादंबरी आहे. समजेलच सगळ्यांना." लोक म्हणाले, वाचा, वाचा. भावानं वाचलं, बागायतदारानं अर्थ सांगितला. असंच चालू झालं.

नायक बोलला. मी कान टवकारले. "आपले म्हणणे रास्त आहे, परंतु माझ्या मनाला ते पटत नाही." मी आईकडं पाहिलं. ती थोडी पुढं झुकली, जणू हळू बोलल्यामुळं नीट ऐकू आलं नसावं. बागायतदार म्हणाला, "म्हंजे तो म्हणतो, तुमचं खरं, पर मला जमत नाही." लोक "हो, हो" म्हणाले. बैलाचं प्रकरण आलं. घटक तसाच होता. बागायतदार घटकापाशी थांबला, विचार केला आणि म्हणाला, "म्हंजे बैल इकत नाही." मजुरांच्या "म्या न्हाई" वर मात्र त्यानं हात टेकले. "हे लोक कुठले आणले बा? आपल्यातले नाहीत हे."

माझ्या अंगाची आग होत होती. भावानं माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही. त्याला ठाऊक होतं मी कुठं बसले आहे.

मग नायकाची मुलगी विधवा होऊन परत येते ते प्रकरण आलं. सगळ्या बाया माझ्याकडं पाहायला लागल्या. नायक अंगणात उभा राहून म्हणतो, "बाळ, दैवापुढे कोणाचे काय चालणार? हे घर तुझेच आहे. अश्रू पूस." अर्थ सांगणाऱ्यानं अर्थ सांगितला. एकदोघींनी डोळ्याला पदर लावला. मला काहीच वाटलं नाही. ही कोणाची तरी मुलगी होती, कोणाच्या तरी बापाकडं आलेली. मी आले तेव्हा बाबा अंगणात खाट विणत होते. गाडीतून माझी ट्रंक उतरताना त्यांनी पाहिली. उठले नाहीत. सुतळीला गाठ मारता मारता म्हणाले, "आली त आली. घर का कुठी पळून गेलं होतं?" मी आत गेले. त्या वाक्याच्या आधारावर मी आजवर जगले. त्यात दैव नव्हतं, अश्रू नव्हते, उपकारही नव्हते. जे झालं ते फार मोठं नाही, असं त्यांनी मला त्या सुरातून भासवलं, आणि तीच गाठ ते पुन्हा पुन्हा मारत होते म्हणून ते खोटं आहे हेही मला दिसलं.

पुढच्या प्रकरणात भावानं सूर बदलला. आता त्याला थोडी मजा आणायची होती. नायकाच्या शेताला एक जागल्या होता, रात्री राखणीला ठेवलेला. खादाड, बावळट, लटपटत चालणारा. तो नायकाच्या स्वैपाकघराच्या दारात येतो आणि म्हणतो, "माणसाले भूक लागून राह्यली."

अर्थ सांगणारा काही बोलला नाही. त्यात अर्थ सांगण्याजोगं काही नव्हतंच, सगळ्यांना थेट कळलं. सभामंडप हसला. आणि आईनं पदर तोंडाशी नेला. मी पाहिलं, ती लाजून हसत होती, नव्या नवरीसारखी. तिला ते सापडले होते. जागल्या कोण, नायक कोण, हे तिच्या डोक्यातच नव्हतं. इतका वेळ जो माणूस पुस्तकात येत नव्हता तो आला होता.

जागल्या पुढं बोलत राहिला आणि लोक हसत राहिले. भावाचा आवाजही मोकळा झाला होता. तिथं तो वाचत नव्हता, नुसता बोलत होता, बाबांच्याच हेलात, आणि त्याचं त्यालाही कळत नव्हतं. मग जागल्याची हरवलेली म्हैस रात्री आपणहून परत येते. जागल्या तिच्या शेपटीला धरून म्हणतो, "आली त आली. घर का कुठी पळून गेलं होतं?"

भाऊ सवयीनं थांबला. बागायतदार सवयीनं तोंड उघडून बसला आणि मग मांडीवर थाप मारून म्हणाला, "याचा काय अर्थ सांगू? हे तर पाव्हणे बोलले! पाव्हण्यायला म्हशीपाशी उभं केलं की रे पोरानं!"

देवळाचं छत उडेल इतकं हसले लोक. वर्षानुवर्षं पारावर हसत आले होते, तसंच. दोघातिघांनी नक्कलही केली. "काऊन पाव्हणे?" मेलेल्या माणसाची नक्कल करायला आता पुस्तकाचा आधार मिळाला होता.

आई उभी राहिली. तिच्या तोंडावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. "ते माझ्या लेकीला म्हणले होते," ती मोठ्यानं म्हणाली. "म्हशीला नाही."

भाऊ म्हणाला, "आई, ही कादंबरी आहे. यातली माणसं खरी नसतात."

"बाकीची नाहीत, ते दिसायलंय मला," आई म्हणाली. "हा एकच खरा हाय. मंग त्याच्यावर लोकांना कामून हसवलं?"

आई निघून आली, तिच्यामागं मी. नारळाचा प्रसाद तसाच राहिला.

घरी आल्यावर मी त्याला सोडलं नाही. तो खांबाला टेकून बसला होता. म्हणाला, "मी आधी ते वाक्य नायकाच्याच तोंडी लिहिलं होतं. तुला शब्द दिला तसंच. छापणाऱ्यांनी कागद परत पाठवले. म्हणाले, इतक्या गंभीर प्रसंगी बाप असं बोलला तर वाचक हसेल. नायकाला शुद्ध बोलू द्या, आणि विनोदाला एखादा गावंढळ ठेवा."

"मग म्हशीपुढं ठेवलंस?"

"खोडवेना मला ते!" तो ओरडला. "बाबांचं एकही वाक्य खोडवलं नाही. म्हणून जागल्या केला. त्याच्या तोंडी तरी ती राहिली. मी ती वाचवली, तुला कळत नाही का?"

मला कळत होतं. त्याला लिहिता येत होतं ते फक्त तेवढंच. बाकी पुस्तकभर त्यानं पुण्याच्या परीक्षेचा पेपर सोडवला होता. चांगल्या माणसानं शुद्ध बोलायचं आणि बोलीत बोलेल तो एकतर गरीब नाहीतर मूर्ख, हा हिशेब त्यानं शिकून घेतला होता, आणि बाप त्या हिशेबात बसेना म्हणून त्याचे दोन तुकडे केले. अब्रू नायकाला दिली, जीभ जागल्याला. वाचक अब्रूपुढं मान झुकवणार आणि जिभेला हसणार. मी हे त्याला तोंडावर सांगितलं. म्हटलं, "वसतिगृहातली पोरं तुला हसली, तर तू बापाला पुढं केलंस. तू वाचलास, ते सापडले." तो रडला. मला तेव्हा त्याच्या रडण्याचं काही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी तो गेला. आईच्या पाया पडला, तिनं डोक्यावर हात ठेवला.

पुस्तक घरी राहिलं. काही दिवसांनी आई म्हणाली, "वाच."

"काय वाचू?"

"तो जागल्या."

मग शाळेतून आल्यावर रोज संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी, मी जागल्याची पानं वाचायची आणि ती ज्वारी निवडत ऐकायची. तिचं ऐकणं पाहून मला कळलं की वाचणाऱ्यानं हसावं म्हणून लिहिलेलं प्रत्येक वाक्य हसण्यापलीकडं जात होतं. जागल्या सावकाराला "बसा तुम्ही, तुमचं बराबर हाये" म्हणतो, तिथं भावानं लिहिलं होतं की जागल्या भ्यायला. आई म्हणाली, "भ्याला नाही, तापले ते." आणि खरंच, लिहिणाऱ्यानं घातलेलं वर्णन काढून टाकून नुसतं बोलणं वाचलं, तर तिथं भित्रा माणूस नव्हताच. बाबांचं बोलणं भावाचं ऐकत नव्हतं. त्यानं त्यांना लटपटत चालायला लावलं, खादाड केलं, म्हशीमागं पळवलं, पण तोंड उघडलं की ते ताठ उभे राहायचे. आई मध्येच उत्तर द्यायची. जागल्या म्हणायचा, माणसाले भूक लागून राह्यली, आणि आई म्हणायची, "या ना मंग, बसा."

पाठ झालेल्या पानांवर तिचं भागेना. तिला पुढं ऐकायचं होतं. मी पुढं वाचत गेले. म्हशीच्या प्रकरणानंतर एकदा जागल्या बांधावर विडी ओढताना दिसतो आणि कोणालातरी सांगतो, "येऊन राह्यलो, हो पुढं." ते त्याचं शेवटचं. मग नायकावर संकट येतं, कथा गंभीर होते आणि विनोदाची गरज उरत नाही. मी पानं उलटत राहिले. जागल्या कुठंच नव्हता.

"कुठं गेला?" आईनं विचारलं.

"पुढं नाही तो, माय."

"मेला का?"

"नाही. तसं काही लिहिलेलं नाही."

"मंग आजारी पडला असंल. कोणी पाणी दिलं का, कोणी होतं का जवळ, तेही लिहिलं नाही?"

"नाही."

"नीट बघ. येऊन राह्यलो म्हणले ना ते? असतील कुठंतरी."

तिच्यासाठी मी शेवटपर्यंत एकेक पान उलटून पाहिलं, मोठ्यानं काहीच न वाचता. शेवटच्या प्रकरणात नायक मरतो. मुलगा पुण्याहून वेळेवर पोचलेला असतो, खऱ्यातला भाऊ नव्हता पोचला, आणि बापाचं डोकं मांडीवर घेऊन बसतो. बाप त्याला उपदेश करतो. चांगली दोन पानं शुद्ध बोलतो आणि मग डोळे मिटतो. मी आईला म्हटलं, बाबांचं मरण आहे यात, वाचू का. तिनं मान हलवली. मी वाचलं. ती सूप हातात धरून शेवटपर्यंत ऐकत राहिली. तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस आला नाही.

"हे पुन्हा नको वाचू," ती म्हणाली. "हा कोण मेला, मला माहीत नाही."

आणि ती भाकरी टाकायला उठली.